औषधाच्या पुडीच्या फोटोवरून पीक, लिटरमागे मात्रा आणि खबरदारी कशी काढायची

मुलगा पुण्यात किंवा नाशकात नोकरीला, वडील गावी. दुकानातून औषध आणलं की पुडीचा फोटो व्हॉट्सॲपवर येतो आणि खाली प्रश्न असतो, ‘पंपाला किती टाकू?’ गावोगावच्या शेतकरी गटांवर, कृषी सहायकांच्या फोनवरही हंगामात दिवसभर हेच चालू असतं. प्रश्न एका ओळीचा असला तरी उत्तर पुडीवर एका ओळीत छापलेलं नसतं. बहुतेक कीटकनाशकांच्या लेबलवर ‘लिटरमागे इतकं’ असा आकडाच नसतो. तिथे हेक्टरी औषध आणि हेक्टरी पाणी असे दोन आकडे असतात आणि लिटरमागची मात्रा त्या दोघांतून आपल्याला काढावी लागते. हे एकदा लक्षात आलं की पुढच्या बहुतेक चुका आपोआप टळतात. म्हणून या लेखात एकच औषध घेऊन शेवटपर्यंत जाऊ: इमामेक्टिन बेन्झोएट ५ टक्के एसजी, तुरीवरच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी. विदर्भ-मराठवाड्यात फुलोऱ्यापासून पुढे ही पुडी घरोघरी दिसते.

आधी फोटो नीट मागवा

पहिला फोटो बहुधा पुडीच्या दर्शनी बाजूचा येतो. त्यावर कंपनीने दिलेलं नाव मोठ्या अक्षरात असतं, हिरवंगार शेत असतं आणि आपल्या कामाचं जवळपास काहीच नसतं. पीकवार तक्ता पुडीच्या आत किंवा बाटलीच्या गळ्याला अडकवलेल्या घडीपत्रकात असतो. लहान पुडीवर तर ‘वापरासाठी सोबतचं माहितीपत्रक पाहा’ एवढंच लिहिलेलं असतं. हे घडीपत्रक दुकानाच्या दारातच टाकून दिलं जातं, म्हणून औषध आणायला निघतानाच ‘कागद टाकू नका’ असं सांगून ठेवावं.

चार फोटो पुरतात. पुढची बाजू, मागची बाजू, घडीपत्रकातला तक्ता आणि बॅच नंबर व मुदत जिथे शाईने छापली आहे तो भाग. हा शेवटचा भाग पुडीच्या दाबलेल्या कडेवर किंवा बाटलीच्या तळाशी असतो आणि हमखास राहून जातो.

घडीपत्रक जमिनीवर सपाट पसरून, चारही कोपऱ्यांवर खडे ठेवून, दिवसाच्या उजेडात पण सावलीत फोटो काढायला सांगा. फ्लॅश नको. चकचकीत पुडीवर फ्लॅशचा पांढरा डाग नेमका आकड्यावर येतो. बाटली गोल असल्याने एका फोटोत लेबलच्या दोन्ही कडा वाकड्या दिसतात, तेव्हा ती थोडीथोडी फिरवत तीन फोटो घ्यावेत. तक्ता लांबलचक असेल तर तो तुकड्यांत टिपावा, मात्र प्रत्येक तुकड्यात वरची रकान्यांच्या नावांची ओळ दिसली पाहिजे. ती नसेल तर कोणता आकडा औषधाचा आणि कोणता पाण्याचा, हे नंतर अंदाजाने ठरवायची वेळ येते.

व्हॉट्सॲप साधा फोटो पाठवताना त्याचा आकार कमी करतं आणि घडीपत्रकातली बारीक अक्षरं तिथेच मरतात. फोटो पाठवताना वर `HD` निवडायला सांगा, किंवा फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडायला सांगा. मिळालेला फोटो मोठा करून पाहिल्यावर तक्त्यातला दशांश चिन्हाचा टिंब स्पष्ट दिसत नसेल तर तो फोटो परत मागवा. टिंबाचा अंदाज बांधायचा नाही.

ब्रँड सोडा, तांत्रिक नाव धरा

पुढच्या बाजूला ब्रँडच्या खाली लहान अक्षरात तांत्रिक नाव, टक्का आणि औषध कोणत्या रूपात आहे ते सांगणारी दोन-तीन इंग्रजी अक्षरं असतात. आपल्या उदाहरणात ती ओळ ‘इमामेक्टिन बेन्झोएट ५% एसजी’ अशी आहे. या तिन्ही गोष्टी मिळून औषध ठरतं. यातली एक जरी सुटली तरी पुढचा हिशोब दुसऱ्याच औषधाचा होतो.

इमामेक्टिन पाच टक्क्यांच्या दाणेदार, पाण्यात विरघळणाऱ्या रूपात मिळतं. ते १.९ टक्के ईसी या द्रवरूपातही मिळतं. शिवाय जोड औषधांत असतं, उदाहरणार्थ नोव्हॅल्युरॉन ५.२५ टक्के अधिक इमामेक्टिन ०.९ टक्के एससी, किंवा इमामेक्टिन १.५ टक्के अधिक फिप्रोनिल ३.५ टक्के एससी. चारही पुड्या-बाटल्या ‘इमामेक्टिन’ या एकाच नावाने मागितल्या जातात आणि चौघींची मात्रा वेगळी असते. इमिडाक्लोप्रिडचंही तसंच आहे. १७.८ टक्के एसएल, ३०.५ टक्के एससी आणि ७० टक्के डब्ल्यूजी ही तीन वेगळी उत्पादनं आहेत. शेजाऱ्याने ‘मी इतकं टाकलं’ म्हणून सांगितलेला आकडा बहुतेक वेळा इथेच फसतो.

त्याच लेबलवर नोंदणी क्रमांक शोधा. कीटकनाशक कायदा १९६८ चा आणि त्याचे नियम १९७१ चे. त्यांप्रमाणे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कीडनाशकाला केंद्रीय नोंदणी लागते आणि तिचा क्रमांक साधारणपणे ‘सीआयआर’ या अक्षरांनी सुरू होतो. पुडीवर अळीचं चित्र आहे, ‘सर्व अळ्यांवर रामबाण’ असं लिहिलंय, पण सीआयआर क्रमांक कुठेच नाही आणि घटकांच्या जागी ‘नैसर्गिक अर्क’ एवढंच आहे, तर अशा पुडीवरून मात्रा काढत बसू नये. ती परत करायची आणि बिल जपून ठेवायचं.

तक्ता वाचताना

घडीपत्रकातल्या तक्त्यात बहुधा सहा रकाने असतात: पीक, कीड, हेक्टरी सक्रिय घटक म्हणजे कीड मारणारं मूळ द्रव्य ग्रॅममध्ये, हेक्टरी औषध ग्रॅम किंवा मिलिलिटरमध्ये, हेक्टरी पाणी लिटरमध्ये आणि शेवटी फवारणीपासून काढणीपर्यंत थांबायचे दिवस. कायद्याने हे पत्रक इंग्रजी, हिंदी आणि एक-दोन प्रादेशिक भाषांत असतं. मराठी भाग असला तरी तो बऱ्याचदा अगदी बारीक छापलेला असतो, त्यामुळे शेवटी हिंदी किंवा इंग्रजी तक्त्याकडेच वळावं लागतं. हिंदीत तुरीला अरहर, हरभऱ्याला चना, वांग्याला बैंगन म्हटलेलं असेल. इंग्रजी तक्त्यात तूर ‘रेड ग्राम’ किंवा ‘पिजन पी’ या नावाखाली सापडेल. नुसतं ‘ग्राम’ असेल तर तो हरभरा.

इमामेक्टिन ५ टक्के एसजीच्या मंजूर तक्त्यातल्या काही ओळी पाहा. कपाशीवर बोंडअळीसाठी हेक्टरी १९० ते २२० ग्रॅम औषध, ५०० लिटर पाणी, थांबा १० दिवस. भेंडीवर शेंडे व फळ पोखरणाऱ्या अळीसाठी १३५ ते १७० ग्रॅम, ५०० लिटर, ५ दिवस. वांग्यावर २०० ग्रॅम, ५०० लिटर, ३ दिवस. तुरीवर शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी २२० ग्रॅम, ५०० ते ७५० लिटर, १४ दिवस. एकच पुडी असूनही पिकागणिक सगळं बदलतं. तक्ता वाचताना डोळा एक ओळ वर सरकला तर तुरीला वांग्याचे तीन दिवस सांगितले जातात. फोटोवर वाचताना मी ओळीखाली कागदाची सरळ कड धरतो. संगणकावर असाल तर खिडकी लहान करून तेवढीच ओळ समोर ठेवता येते.

तक्त्यात काही ठिकाणी दोन-तीन किडींसाठी एकच आकडा मधोमध छापलेला असतो. अशा वेळी रेघा पाहा. आडवी रेघ जिथे थांबते तिथपर्यंत तो आकडा लागू. फोटोत रेघा पुसट असतील तर शंका शिल्लक ठेवून पुढे जाऊ नका, त्या भागाचा जवळून फोटो मागवा.

फोटोतून मजकूर उचलणारी सोय आता सगळ्याच फोनमध्ये आहे, गुगल लेन्स वगैरे. माझं मत असं की तिचा उपयोग खबरदारीच्या परिच्छेदांसाठी करावा आणि तक्त्यासाठी करू नये. तक्ता उचलताना ती रकाने सरमिसळ करते. आधी सगळी पिकं, मग सगळे आकडे, अशी यादी हातात येते आणि कोणता आकडा कुणाचा ते कळत नाही. ‘५००–७५०’ मधली लहान रेघ गळून ‘५००७५०’ होतं, ‘०.४’ मधला टिंब जातो, छापील मराठी आकड्यांतला पुसट १ कधी ९ होऊन येतो. तक्त्यातली आपल्याला हवी ती एक ओळ डोळ्यांनी वाचून हाताने उतरवायला एक मिनिट लागतं.

आकडा बरोबर वाचलाय का, याची परीक्षा

लेबलवर सक्रिय घटक आणि औषध असे दोन आकडे देतात, ही आपल्यासाठी मोठी सोय आहे, कारण दोघांचा एकमेकांशी हिशोब जुळला पाहिजे. औषधात पाच टक्के सक्रिय घटक आहे आणि हेक्टरी ११ ग्रॅम सक्रिय घटक लागतो, तर औषध किती? ११ ला ५ ने भागून १०० ने गुणा: २२०. तक्त्यात २२० च दिसतंय, म्हणजे दोन्ही आकडे बरोबर वाचले. फोटोत ते २२ किंवा २०० वाटलं असतं तर इथेच पकडलं गेलं असतं.

द्रवरूप औषधांत हा हिशोब थोडा हलतो. क्लोरँट्रानिलिप्रोल १८.५ टक्के एससीसाठी तुरीला सक्रिय घटक ३० ग्रॅम आणि औषध १५० मिलि असं छापलेलं असतं. भागाकाराने मात्र १६२ येतात. कारण टक्का वजनावर आहे आणि मात्रा मापाने दिली आहे, आणि हे द्रव पाण्यापेक्षा जड असतं. १६२ ग्रॅम वजनाचं द्रव साधारण १५० मिलि जागेत मावतं. तेव्हा द्रवाच्या बाबतीत दहा टक्क्यांच्या आसपासचा फरक चालतो. दुप्पट किंवा दसपट फरक आला तर मात्र वाचण्यात चूक आहे, किंवा आपण टक्का दुसऱ्याच बाटलीचा धरला आहे.

सर्वांत धोक्याची चूक म्हणजे सक्रिय घटकाचा रकाना औषधाचा समजणे, किंवा त्याच्या उलट. पहिल्या चुकीत ११ ग्रॅम हेक्टरभर फवारले जातात, अळी मरत नाही आणि ‘औषध डुप्लिकेट निघालं’ अशी तक्रार होते. दुसरी चूक कडक औषधाच्या बाबतीत पिकाला आणि माणसाला महागात पडते. म्हणून हा भागाकार दरवेळी करा, रोजचं औषध असलं तरी.

लिटरमागे मात्रा

आता तुरीचा हिशोब. हेक्टरी २२० ग्रॅम औषध आणि ५०० लिटर पाणी. २२० भागिले ५०० म्हणजे लिटरला ०.४४ ग्रॅम. दहा लिटरला ४.४ ग्रॅम. कृषी विद्यापीठांच्या सल्ल्यात ‘१० लिटर पाण्यात ४.४ ग्रॅम’ असं जे वाचायला मिळतं, ते इथून येतं.

पण तक्त्यात पाणी ५०० ते ७५० लिटर दिलं आहे. तूर वाढून झाडं एकमेकांत घुसली असतील तर सगळी शेंग भिजायला ७५० लिटर लागू शकतं. तेव्हा तेच २२० ग्रॅम ७५० लिटरमध्ये जातात आणि लिटरला ०.२९ ग्रॅम पडतात. म्हणजे एकाच पिकाला, एकाच किडीला, एकाच पुडीच्या लिटरमागच्या दोन मात्रा निघतात आणि दोन्ही बरोबर असतात. हेक्टरी औषध कायम राहतं, पाण्याप्रमाणे लिटरचा आकडा बदलतो. म्हणून लिटरमागची मात्रा कुणालाही एकटी सांगू नये. तिच्यासोबत एकरी पाणी किती, हे सांगितलंच पाहिजे.

आपल्याकडे हिशोब एकरात चालतो. एक हेक्टर म्हणजे अडीच एकराला किंचित कमी, अडीच धरलं तरी चालतं. २२० ग्रॅम भागिले अडीच म्हणजे एकरी ८८ ग्रॅम. ५०० लिटर भागिले अडीच म्हणजे एकरी २०० लिटर पाणी. पाठीवरचा पंप १५ लिटरचा असेल तर २०० लिटरचे साधारण १३ पंप झाले आणि प्रत्येक पंपाला १५ गुणिले ०.४४, म्हणजे ६.६ ग्रॅम औषध. पाणी ७५० च्या हिशोबाने घेतलं तर एकरी ३०० लिटर, २० पंप, आणि पंपाला ४.४ ग्रॅम. इथे एक गंमत आहे, जी अनेकांना गोंधळात टाकते: ४.४ हा आकडा एकदा दहा लिटरसाठी येतो आणि एकदा पंधरा लिटरच्या पंपासाठी. कुणी नुसतं ‘चार पॉइंट चार’ सांगितलं तर किती लिटरला, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. पंपही सगळे १५ लिटरचे नसतात. १६, १८ आणि २० लिटरचेही असतात आणि टाकीवर तसं लिहिलेलं असतं. तोही फोटो मागवलेला बरा.

आता खरी अडचण. गावी विचारा, ‘एकराला किती पंप लागतात?’ उत्तर येतं आठ किंवा दहा. आठ पंप म्हणजे १२० लिटर, लेबलवरच्या २०० च्या बरंच खाली. इथे लिटरच्या हिशोबाने ६.६ ग्रॅमच टाकले तर एकरात ८८ ऐवजी जेमतेम ५३ ग्रॅम जातात आणि फवारा वाया जातो. एकरी ८८ ग्रॅम पुरे करायला पंपाला ११ ग्रॅम टाकले तर द्रावण लेबलच्या जवळपास पावणेदोन पट कडक होतं. दुकानदार पुडीवर पेनाने ‘पंपाला १० ग्रॅम’ लिहून देतो त्यामागे बहुतेक हाच हिशोब असतो. त्याने कमी पंप गृहीत धरलेले असतात. तो आकडा आठ पंपांच्या शेतात एकरी मात्रेला जुळतो, पण तेरा पंप मारणाऱ्याने तसाच वापरला तर एकरात १३० ग्रॅम पडतात. यावर माझं उत्तर सरळ आहे: औषध वाढवू नका, पंप वाढवा. तेरा पंप होईपर्यंत चाल हळू करा, झाडाच्या दोन्ही बाजूंनी मारा. पॉवर पंपाला पाणी कमी लागतं म्हणून तिप्पट औषध टाकायची पद्धत आहे, पण आपल्या लेबलवर त्या पंपासाठी वेगळी ओळ छापलेली नसेल तर फोटो वाचणाऱ्याने ती परवानगी द्यायची नाही.

पुढचा प्रश्न येतो, साडेसहा ग्रॅम मोजायचे कसे. चमच्याने नको. दाण्यांचा आकार पुडीगणिक वेगळा असतो आणि घरातला चमचा एकदा इकडे आला की तो परत घरात जातो. सोपा मार्ग असा: एका एकराचे ८८ ग्रॅम छोट्या वजनकाट्यावर एकदाच तोला. वेगळ्या ठेवलेल्या बादलीत साडेसहा लिटर पाण्यात ते विरघळवा आणि दर पंपाला ढवळून अर्धा लिटर घ्या. तेरा पंपांना बरोबर पुरतं. एसजी प्रकारचं औषध पाण्यात पूर्ण विरघळतं म्हणून हे जमतं. डब्ल्यूपी म्हणजे भुकटी असेल तर ती तळाशी बसते, तेव्हा दरवेळी तळापासून ढवळावं लागतं. बादलीतलं द्रावण त्याच दिवशी संपवायचं.

आणि पीकच तक्त्यात नसेल तर? मग उत्तर ‘या पुडीवर तुमचं पीक नाही’ एवढंच. जवळच्या पिकाची मात्रा उचलून देऊ नये, भेंडीची गवारीला तर नाहीच. मात्रा कदाचित चालूनही जाईल, पण थांबायचे दिवस त्या पिकासाठी कुणी ठरवलेलेच नसतात. अशा वेळी किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक द्यावा किंवा कृषी विज्ञान केंद्राकडे पाठवावं.

खताची पिशवी असेल तर

विद्राव्य खताच्या पुडीवर १९:१९:१९ किंवा ०:५२:३४ असे आकडे असतात. ते नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के आहेत, मात्रा नव्हे. खतांवर खत नियंत्रण आदेश १९८५ लागू होतो, त्यामुळे इथे सीआयआर क्रमांक किंवा विषारीपणा दाखवणारा रंगीत त्रिकोण शोधू नका. मात्रा दिली असेल तर ती फवारणीची की ठिबकची, हे आधी पाहा. ठिबकची एकरी किलोत असते, फवारणीची लिटरमागे ग्रॅममध्ये किंवा टक्क्यात. टक्क्यात असेल तर १ टक्का म्हणजे लिटरला १० ग्रॅम, २ टक्के युरियाचा फवारा म्हणजे लिटरला २० ग्रॅम, १५ लिटरच्या पंपाला ३०० ग्रॅम. कीटकनाशकाचा टक्का मात्र असा वाचायचा नाही, तो पुडीतल्या घटकाचा असतो. ही गल्लत झाल्यावर ‘५% एसजी’ म्हणजे लिटरला ५० ग्रॅम असा अर्थ लावलेला मी वाचला आहे, म्हणून सांगतो.

खबरदारीचा भाग

हा भाग सर्वांत लांब आणि सर्वांत बारीक अक्षरात असतो. त्यातलं काय उचलायचं आणि काय जसंच्या तसं ठेवायचं, हे ठरवावं लागतं.

सुरुवात लेबलवरच्या चौकोनापासून. तिरप्या चौकोनाचा खालचा त्रिकोण रंगीत असतो. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. फोटोत रंग फसतात. दिव्याच्या पिवळ्या उजेडात निळा हिरवट दिसतो, उन्हात पडून राहिलेल्या पुडीवर लाल फिका होतो. म्हणून रंगाबरोबर वरचा शब्दही वाचा. लाल गटात कवटी आणि ‘विष’ असा शब्द, पिवळ्यात कवटीशिवाय ‘विष’, निळ्यात धोक्याचा आणि हिरव्यात सावधानतेचा शब्द असतो. रंग आणि शब्द जुळले नाहीत तर शब्द धरा. हिरव्या त्रिकोणाचा अर्थ ‘निर्धोक’ असा मात्र नाही. हे वर्गीकरण औषध तोंडावाटे किंवा कातडीवाटे गेल्यावर किती विषारी, यावर आहे. दिवसभर तुषार अंगावर घेतल्याने काय होईल, ते त्यातून कळत नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. माणसाच्या उंचीची झाडं आणि वर मारलेला फवारा तोंडावर परत येणं, हा धोका उंच तुरीतही तसाच असतो. घडीपत्रकात ‘वाऱ्याच्या दिशेने फवारा’, ‘हातमोजे, मास्क, पूर्ण कपडे’ असं छापलेलं असतंच. आपण पाठवताना त्यात पिकाची उंची धरून एक वाक्य घालावं: नळी डोक्याच्या वर धरून मारू नका.

थांबायचे दिवस खबरदारीच्या परिच्छेदात नसतात, ते तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात असतात आणि म्हणून सुटतात. तुरीला १४ दिवस. वाळल्यावर कापणाऱ्याला ते सहज जमतात. पण ओल्या शेंगा बाजारात नेणाऱ्याला, किंवा घरी सोलून आमटीत घालणाऱ्याला, मुद्दाम सांगावं लागतं. भेंडीचे पाच दिवस तर कागदावरच राहतात, कारण भेंडी दिवसाआड तोडावी लागते. तिथे सल्ला असा द्यावा की आधी तोडा करा, मग फवारा, आणि पुढच्या पाच दिवसांत वाढलेली जून भेंडी फेकून द्या. पटत नसेल तर कमी दिवसांचं दुसरं औषध निवडा.

मधमाश्या आणि मासे यांच्याबद्दलची ओळ शोधा. इमामेक्टिन दोघांनाही घातक आहे. तूर फुलोऱ्यात असताना सकाळी माश्या असतात, म्हणून फवारा संध्याकाळी. पंप नाल्यात किंवा विहिरीवर धुवायचा नाही.

विषबाधेची लक्षणं, प्रथमोपचार आणि उतारा हे तीन परिच्छेद मात्र थोडक्यात करू नका, भाषांतरही करू नका. त्यांचा स्वच्छ फोटो तसाच जपून ठेवायला सांगा, कारण तो डॉक्टरला दाखवायचा असतो. काही औषधांवर ‘उलटी करवू नका’ असं लिहिलेलं असतं, काहींवर वेगळं. इमामेक्टिनवर विशिष्ट उतारा नाही, लक्षणांप्रमाणे उपचार करा, असं असतं. सेंद्रिय फॉस्फरस गटातल्या औषधांवर अॅट्रोपिनचं नाव असतं. आपण आपल्या शब्दांत लिहिताना यातलं एक ‘नका’ गळलं तर काय होईल, याचा विचार करा. तांत्रिक नावाचा फोटोही त्याच्यासोबत असावा. दवाखान्यात ब्रँडचं नाव सांगून डॉक्टरला फार काही कळत नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८, आणि दिल्लीच्या एम्सच्या विषबाधा माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८००-११६-११७, हे दोन्ही फोनमध्ये असू द्यावेत.

उत्तर कसं पाठवायचं

फोटो वाचून झाल्यावर लांबलचक ध्वनिसंदेश पाठवू नका. शेतात बसून तो पुन्हा पुन्हा ऐकावा लागतो आणि आकडे कानाने चुकतात. लिहून पाठवा, आणि मोठ्या अक्षरात वाचता येईल इतकं थोडकं लिहा. आपल्या उदाहरणाचं उत्तर असं होईल:

‘बाबा, पुडी: इमामेक्टिन बेन्झोएट ५% एसजी. पीक तूर, शेंगा पोखरणारी अळी, दोन्ही लेबलवर आहेत.
एकराला ८८ ग्रॅम औषध, २०० लिटर पाणी. १५ लिटरचे १३ पंप.
पंपाला साडेसहा ग्रॅम. ८८ ग्रॅम एकदाच तोलून साडेसहा लिटर पाण्यात विरघळवा, पंपाला अर्धा लिटर घ्या.
दुकानदाराचे १० ग्रॅम टाकू नका. आठ पंपांत एकर उरकू नका.
संध्याकाळी मारा, नळी डोक्याच्या वर नको. मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा.
१४ दिवस ओल्या शेंगा तोडू नका, विकायला नाही, घरीही नाही.
रिकामी पुडी तीनदा खळखळून फाडून पुरा. खळखळलेलं पाणी पंपातच ओता.
घडीपत्रकाचा फोटो फोनमध्ये ठेवा. मळमळ, डोकं गरगरलं तर फवारा थांबवा, कपडे बदला, साबणाने धुवा आणि फोटो घेऊन लगेच दवाखान्यात जा.
तुमचा पंप किती लिटरचा आहे? १५ चा नसेल तर मारण्याआधी सांगा.’

शेवटचा प्रश्न मुद्दाम ठेवला आहे. त्याचं उत्तर येईपर्यंत पंपामागचा आकडा कच्चा समजा. पंप २० लिटरचा निघाला तर एकरी १० पंप होतील, पंपाला ८.८ ग्रॅम पडतील आणि ८८ ग्रॅमचं द्रावण पाच लिटर करून पंपाला अर्धा-अर्धा लिटर घ्यावं लागेल.